बाबाच्या भाड्याच्या दुकानात साऱ्या पोरांचा सारखा हिस्सा?

"बाबा वारले, तालुक्याच्या गावी तीस वर्षं भाड्याचं किराणा दुकान होतं, मी बसतो तिथं. पुण्याचा मोठा भाऊ म्हणते वारस म्हणून माझाबी अर्धा हक्क. खरं हाय का?"

नाही भाऊ, हे सातबाऱ्यासारखं वारसाची नोंद लावायचं काम नोहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 7(15)(घ) पाहा. भाडेकरू मेला तेव्हा त्याच्यासंगं त्या दुकानात धंदा करत होता तो घरचा माणूस भाडेकरू होते, आणि राहायचं घर असलं तर त्याच्यासंगं तिथं राहत होता तो. असं कोणीच नसलं तरच बाकीच्या वारसांचा नंबर लागते, आणि त्यांचं जमलं नाही तर कोर्ट ठरवते. म्हणजे तुम्ही बाबासंगं गल्ल्यावर होते तर तुमचा हक्क पहिला, पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाचा नाही. मालात न् उधारीत मात्र त्याचा वाटा राहतेच, तिथं नका भांडू.

बाबानं मृत्युपत्रात दुकान कोणाच्या नावानं लिहून ठेवलं तरी भाडेहक्क तसा जात नाही, सुप्रीम कोर्टानं 1994 मध्येच सांगितलं.

आता पुरावा. बाबा असतानाची तुमच्या हातची उधारीची वही, माल घेतल्याची बिलं, शेजारचे दुकानदार. मरणानंतरचे कागद इथं कामाचे नाहीत.

पण करारावर "लिव्ह अँड लायसन्स" लिहिलं असन तर हे सारं विसरा, तो परवाना माणसासंगंच संपते. आन् कायदा लागू नसलेल्या खेड्यातलं दुकान असन तर हिशोब वेगळा, वकिलाले करार दाखवा.