गंधओळखीचा खेळ

डोळे मिटून केवळ वासावरून मसाल्याचा पदार्थ किंवा फूल ओळखायचे आणि त्याचे नाव सांगायचे, असा मुलांचा खेळ. मारिया माँटेसोरी यांच्या शिक्षणपद्धतीत सारख्या वासाच्या डब्यांच्या जोड्या लावतात. तेथे नाव नाही आले तरी चालते. या खेळात मात्र नावच मागितले जाते आणि खरी अडचण तिथेच येते.

वास ओळखीचा वाटणे आणि त्याचे नाव आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॅरी लॉलेस आणि ट्रिग एंगेन या संशोधकांनी 1977 मध्ये मोठ्या माणसांच्या बाबतीत हे नोंदवले. एखादा शब्द जिभेवर घोळतो तेव्हा निदान त्याचे पहिले अक्षर तरी सुचते; वासाचे नाव अडते तेव्हा तेही सुचत नाही, पण तो कशासारखा आहे किंवा कुठे येतो हे सांगता येते. मुलांकडे नावेच कमी असल्याने त्यांची अडचण दुप्पट होते. म्हणून चुकलेले मूल नाकाने चुकले की शब्दाने, हे शोधणे हे खेळ घेणाऱ्याचे मुख्य काम.

सोलापुरात त्यासाठीचे साहित्य घरच्या मिसळणाच्या डब्यातच मिळते. ओवा, जिरे, बडीशेप आणि धणे हे चार सुरुवातीला घ्यावेत. चारही एकाच वनस्पतिकुळातले, त्यामुळे वासात नाते आहे, पण फरकही स्पष्ट आहे: ओव्याचा उग्रपणा त्याच्या तेलातल्या थायमॉल या घटकामुळे, बडीशेपेचा गोडसरपणा अॅनेथोल या घटकामुळे. प्रत्येकी चमचाभर जिन्नस खेळाच्या जरा आधी खलबत्त्यात नुसता ठेचावा. अख्ख्या दाण्यांत तेल बंद राहते आणि वास फिका येतो. सारख्या आकाराच्या स्टीलच्या डब्यांत तळाशी कापूस, त्यावर जिन्नस आणि तोंडाला मलमलचा तुकडा रबराने बांधलेला असावा. कापूस नसला की दाणे खुळखुळतात आणि चलाख मूल कानाने उत्तर देते.

डबा नाकापासून चार बोटे दूर धरावा, दोन-तीन छोटे हुंगे घेऊ द्यावेत आणि पुढच्या डब्याआधी अर्धा मिनिट थांबावे. तोच वास सलग हुंगला की नाक त्याला सरावते. मध्ये कॉफीच्या बिया हुंगण्याची पद्धत अत्तराच्या दुकानांत असते, पण साधी हवा पुरते. उत्तर कानात सांगायचे, नाहीतर पहिल्याचे ऐकून सगळे तेच म्हणतात.

समजा, ओव्याचा डबा हुंगून मूल म्हणाले, "पोट दुखल्यावर आज्जी देते ते." नाव आले नाही, पण ओळख पक्की आहे. आता चार नावे सांगून विचारावे: जिरे, ओवा, धणे की बडीशेप? त्याने ओवा निवडला तर उणीव शब्दाची आहे. नाव सांगून पुढे जावे आणि दोन फेऱ्यांनंतर तोच डबा पुन्हा द्यावा. त्याने जिरे म्हटले तर दोन डबे लागोपाठ देऊन फक्त "सारखे की वेगळे?" एवढेच विचारावे. वेगळे कळले तर नावांची अदलाबदल झालेली असते. तेही कळले नाही तर आधी सर्दी आहे का, हे पाहावे. या शहरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही अनेक घरांत बोलली जाते, तेव्हा ओव्याला कोणी तेलुगूत "वामु" म्हणाले तर ते उत्तर पूर्ण बरोबर धरावे आणि मराठी नाव जोडून द्यावे.

नावाच्या जोडीला वासाचे वर्णनही मागावे. खमंग, उग्र, कुबट, खवट, आंबूस, करपट असे नेमके शब्द मराठीत आहेत, पण बहुतेक मुले "छान" आणि "घाण" यांवरच थांबतात. ताज्या शेंगदाण्याची चटणी आणि खवट झालेला शेंगदाणा शेजारी ठेवले की खमंग आणि खवट हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

फुले डब्यात टिकत नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद डब्यातला मोगरा लवकर काळवंडतो आणि कुबट लागतो. मोगरा संध्याकाळी उमलतो, म्हणून त्याची फेरी तेव्हाच, ओल्या फडक्यात ठेवलेल्या फुलांनी घ्यावी, प्राजक्ताची सकाळी. जाई, जुई आणि मोगरा एकाच फेरीत ठेवणे मोठ्यांनाही जड जाते. मध्ये एखादे जास्वंद द्यावे: त्याला जाणवेल असा वास नसतो, आणि "काहीच येत नाही" म्हणायला मूल धजते का, हे त्यातून कळते.

हिंग आणि लवंग शेवटी द्यावेत, कारण त्यांचा वास बोटांना चिकटतो आणि पुढचे डबे बिघडवतो. मिरची आणि मिऱ्याची पूड, तपकीर हे वर्ज्य: त्यांचा झोंबरेपणा हा वास नव्हेच, आणि पूड श्वासात जाते. दम्याच्या मुलाला खेळवायचे की नाही, हे आधी घरच्यांना विचारावे. डोळ्यांना पट्टी बांधल्यावर घाबरणाऱ्याने आपले हात डोळ्यांवर ठेवले तरी चालते.

सरावाने जे सुधारते ते मुख्यतः खेळातल्या वासांची नावे सांगणे. खेळताना मूल एकाग्र होते हे दिसते, पण त्यामुळे गणिताच्या तासालाही लक्ष लागेल असा निष्कर्ष काढता येत नाही.