निनावी तक्रार: इंदूरच्या केंद्रीय कार्यालयात आलेल्या पत्राचं पुढे काय होतं?

इंदूरमधल्या केंद्र सरकारच्या कार्यालयात किंवा सरकारी बँकेत 'एक जागरूक नागरिक' अशा सहीचं पत्र आलं, तर ते थेट दप्तरी दाखल होतं. आरोप कितीही गंभीर असो, कार्मिक विभागाच्या 18 ऑक्टोबर 2013 च्या आदेशानुसार निनावी तक्रारीवर कारवाई होत नाही. त्यापूर्वी पडताळता येण्याजोग्या मुद्द्यांसाठी थोडी सवलत होती, पण केंद्रीय दक्षता आयोगानेही 2014 मध्ये ती काढून घेतली.

खरी पडताळणी होते ती नाव-पत्ता असलेल्या पत्राची. समजा, रामबागेतला पत्ता घालून कुणी लिहिलं की फर्निचरचं एकच बिल दोनदा अदा झालं, आणि सोबत बिल क्रमांकही दिला. आरोप तपासण्याजोगा असल्याने सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन कार्यालय त्याच पत्त्यावर विचारतं, 'ही तक्रार आपलीच का?' हे पत्र 3 मार्चला निघालं, तर 15 दिवस वाट पाहून 18 मार्चला स्मरणपत्र जातं. त्यानंतरही 15 दिवसांत उत्तर नाही आलं, तर तक्रार खोट्या नावाची मानून बंद करता येते. 'सगळे पैसे खातात' अशा मोघम पत्रासाठी एवढाही खटाटोप करत नाहीत. म्हणून पत्ता खरा द्या आणि टपालाकडे लक्ष ठेवा. तक्रार खरी असूनही उत्तर न दिल्याने ती बुडू शकते.

नाव द्यायचं, पण साहेबांना कळू द्यायचं नाही, अशांसाठी 2004 चा सार्वजनिक हित प्रकटीकरण ठराव आहे. ही तक्रार टपालानेच, बंद लिफाफ्यात, दिल्लीच्या सतर्कता भवनात आयोगाच्या सचिवांना पाठवायची. लिफाफ्यावर 'पीआयडीपीआय' हे या ठरावाचं इंग्रजी लघुरूप लिहायचं. आपलं नाव-पत्ता बाहेर नको, आतल्या पत्राच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या कागदावर द्यायचा. अशा लिफाफ्याला स्पीड पोस्टाच्या काउंटरवर प्रेषकाच्या नावाचा आग्रह धरू नये, अशा टपाल खात्याला सूचना आहेत. आतही निनावी असेल, तर या मार्गाने काही चालत नाही.

मात्र मजकूर जपून लिहा. 'मी बिल विभागात असताना पाहिलं' या एका वाक्याने नाव लपवण्याचा सगळा उपयोग संपतो, कारण तो विभाग असतो तीन-चार जणांचा. हीच तक्रार आधी दुसरीकडे केली असेल किंवा माहिती अधिकारात विचारली असेल, तरी ओळख उघड झालेलीच असते.

उत्तराचं म्हणाल, तर निनावी पत्राला ते मिळतच नाही. गोपनीय तक्रारीची पोचही आयोग देत नाही. ओळख पटवण्यासाठी तेवढं पत्र येतं, त्याला उत्तर द्या आणि पुन्हा पत्रव्यवहार करू नका. हा मार्ग केंद्रीय कर्मचारी, सरकारी बँका व उपक्रमांपुरताच आहे. नगर निगम किंवा राज्याच्या खात्याविरुद्ध लोकायुक्तांकडे जावं लागतं.