टू, सीसी आणि बीसीसी (कार्यालयीन ईमेल)

कार्यालयीन ईमेलमध्ये पत्ते भरायला To, Cc आणि Bcc अशा तीन ओळी असतात. ज्याने काहीतरी करायचे आहे तो टूमध्ये, ज्याला नुसते कळले तरी पुरे तो सीसीमध्ये, आणि ज्याचा पत्ता बाकीच्यांना दिसू नये तो बीसीसीमध्ये, ही सर्वमान्य वाटणी आहे. मेल मात्र तिघांच्याही पेटीत सारखाच पोचतो.

नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेऱ्यांना यातला निम्मा भाग जुनाच आहे. शासकीय पत्रात वर ‘प्रति’ लिहून एक अधिकारी असतो आणि सहीच्या खाली ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ अशी यादी असते. त्याच यादीत कधी ‘माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी’ असेही लिहितात. कागदावर हे चालून जाते; ईमेलमध्ये सीसीतल्या माणसाकडून कार्यवाहीची अपेक्षा ठेवली की घोळ होतो. अनेक जण, फक्त सीसीत नाव असलेले मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय करून ठेवतात. मग चार दिवसांनी ‘काहून सांगितलं नाही?’ आणि ‘सीसीत होतं ना तुमचं नाव!’ हा संवाद ठरलेला.

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे उदाहरण घेऊ. हिंगण्याच्या पुरवठादाराकडून बेअरिंग यायचे आहेत, ते गुरुवारपर्यंत आले नाहीत तर एक लाइन थांबेल. खरेदी विभागातला कर्मचारी मेल लिहितो. टूमध्ये पुरवठादाराकडचा ऑर्डर सांभाळणारा माणूस, एकटाच. टूमध्ये तीन नावे टाकली की प्रत्येकाला वाटते, दुसरा उत्तर देईल. सीसीत स्टोअरचा प्रमुख, कारण गाडी आली की माल उतरवून घेणे त्याच्याकडे आहे. खरेदीप्रमुखालाही सीसीत ठेवता येते, पण दर किंवा मुदत त्यांनी स्वतः ठरवली असेल तरच. पुरवठादाराच्या मालकाला पहिल्याच मेलमध्ये सीसीत घेणे म्हणजे समोरच्याची तक्रार करणे, आणि तो ते तसेच वाचतो. दोन दिवसांत उत्तर आले नाही तर मालकाला जरूर घ्यावे, पण उघडपणे: ‘साहेबांनाही या मेलमध्ये घेत आहे’ असे मजकुरात लिहून.

अडचण खरी अशी की माल अडकला आहे तो आगाऊ रक्कम न गेल्यामुळे, आणि ती सोडायची आहे कारखान्याच्याच अकाउंट्स विभागाने. त्यांना याच मेलमध्ये सीसीत ओढू नये. त्यांच्यासाठी वेगळा मेल लिहावा, त्यात ते टूमध्ये. एकाच साखळीत दोघांना घेतले तर घरातली थकबाकीची चर्चा बाहेरच्याला खाली स्क्रोल करून वाचायला मिळते.

आता उत्पादन व्यवस्थापक. त्यांनाही कळावे, पण पुरवठादाराला दिसू नये, म्हणून कर्मचारी त्यांना बीसीसीत टाकतो. बहुतेक फजिती इथेच होते. ते घाईत ‘रिप्लाय ऑल’ दाबतात आणि लिहितात, ‘यांचं नेहमीचंच आहे, दुसरा व्हेंडर पाहा.’ हे उत्तर टू आणि सीसीतल्या सगळ्यांना जाते. पुरवठादार तर ते वाचतोच, शिवाय लपून कोण वाचत होते तेही त्याला कळते. आलेल्या मेलमध्ये टू-सीसीत आपले नाव दिसत नसेल, तर तो बीसीसीतून किंवा एखाद्या ग्रुपच्या पत्त्यावरून आला असे समजावे आणि ‘रिप्लाय ऑल’ला हात लावू नये. पाठवणाऱ्यासाठी सोपा मार्ग म्हणजे मेल आधी पाठवावा, मग ‘सेंट’मधून तोच व्यवस्थापकांना फॉरवर्ड करावा. त्यांनी काहीही उत्तर दिले तरी ते घरातच राहते.

बीसीसी लपते कशी, तर मेल पोचवायचे पत्ते सर्व्हरला मजकुरापासून वेगळे, एकेक `RCPT TO` आज्ञेने दिले जातात. बीसीसीतले पत्ते त्यात असतात, पण इतरांना दिसणाऱ्या मजकुराच्या डोक्यावरून Bcc ही ओळ काढून टाकलेली असते. म्हणूनच इतर कोणी ‘रिप्लाय ऑल’ केले तरी ते उत्तर बीसीसीतल्याकडे जात नाही. पुढची चर्चा त्याला कळत नाही.

बीसीसी शोभते ती एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेकांना एकच मजकूर धाडताना. हाच कर्मचारी पुढच्या वेळी पाच बेअरिंगवाल्यांकडून दर मागवतो, तेव्हा टूमध्ये स्वतःचा पत्ता आणि बीसीसीत पाचही जण. चुकून सीसीत गेले तर कोण कोण स्पर्धेत आहे हे प्रत्येकाला कळते आणि दर आपसांत ठरण्याची वाट मोकळी होते. कामगारांच्या खासगी पत्त्यांवर सुट्टीची सूचना धाडतानाही हेच. मात्र यादी शंभर-दीडशेवर गेली की बीसीसीचा मेल स्पॅममध्ये पडण्याची शक्यता वाढते. तिथे मेल मर्ज वापरून प्रत्येकाला स्वतंत्र मेल पाठवणे बरे.