लांडगा, शेळी आणि कोबी: नदीपार कोडे आकृती काढून कसे सोडवावे
(आमच्या नदीपार कोडे-संचाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नावाड्याला लांडगा, शेळी आणि कोबीचा गड्डा पलीकडच्या काठावर न्यायचा आहे. होडीत त्याच्याशिवाय एकाच गोष्टीला जागा आहे. नावाडी जवळ नसेल तर लांडगा शेळीला खातो आणि शेळी कोबी फस्त करते. हे कोडे नवव्या शतकातील लॅटिन हस्तलिखितांत आढळते. संचातील सोंगट्या हलवून पाहिल्या तर ते कधी ना कधी सुटतेच. परंतु ते का सुटले आणि याहून कमी फेऱ्यांत सुटले असते का, हे सोंगट्यांवरून कळत नाही. त्यासाठी कागद आणि पेन्सिल घ्यावी.

नावाडी, लांडगा, शेळी आणि कोबी यांना अनुक्रमे न, ल, श आणि क ही अक्षरे द्यावीत आणि अलीकडच्या काठावर जे जे आहे तेवढेच लिहावे. उरलेले पलीकडे आहे हे ओघाने आलेच. सुरुवातीची स्थिती ‘नलशक’ होते आणि सगळे पार झाल्यावरची स्थिती ‘०’. येथे ‘न’ गाळण्याची चूक फार सहज होते. ‘लक’ म्हणजे नावाडी शेळीसह पलीकडे आहे आणि ‘नलक’ म्हणजे शेळीला तिकडे ठेवून तो परत आला आहे. या दोन स्थितींतून पुढे करता येणाऱ्या खेळ्या वेगळ्या आहेत, त्यामुळे त्या एकच मानल्या तर सगळी आकृती बिघडते.

चौघांपैकी प्रत्येक जण या किंवा त्या काठावर असू शकतो, म्हणून एकूण स्थिती १६ होतात. ज्यांत शेळी नावाड्याविना लांडग्याबरोबर किंवा कोबीबरोबर राहते अशा ६ स्थिती खोडाव्यात: लश, शक, लशक, आणि पलीकडच्या काठावर तोच धोका असलेल्या नक, नल, न. उरलेल्या १० स्थिती कागदावर मोकळ्या जागा सोडून लिहाव्यात आणि जेथे होडीच्या एकाच फेरीत एका स्थितीतून दुसरीत जाता येते तेथे रेघ जोडावी. प्रत्येक फेरीत नावाडी काठ बदलतोच, म्हणून रेघेच्या एका टोकाला ‘न’ असलाच पाहिजे आणि दुसऱ्या टोकाला नसलाच पाहिजे. तसे दिसले नाही तर ती रेघ चुकली आहे.

बरोबर काढलेल्या आकृतीत १० रेघा येतात. मधोमध सहा स्थितींचे एक कडे तयार होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन रेघांची शेपटी असते. सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणारे सर्वांत लहान मार्ग दोनच आहेत:

नलशक → लक → नलक → क → नशक → श → नश → ०
नलशक → लक → नलक → ल → नलश → श → नश → ०

दोन्ही मार्गांत सात फेऱ्या आहेत आणि फरक एवढाच, की पहिल्यात लांडगा आधी जातो तर दुसऱ्यात कोबी. बहुतेक जण ज्या जागी अडतात ती चौथी फेरी आहे, कारण पार नेलेली शेळी परत आणणे म्हणजे केलेले काम वाया घालवणे, असे वाटते. आकृतीत मात्र ‘क’ या स्थितीपाशी दोनच रेघा आहेत: एक आलो त्या वाटेने मागे नेते आणि दुसरी शेळी परत आणते. हे एकदा डोळ्यांसमोर आले की अंदाज बांधावा लागत नाही.

आमच्या मते या पद्धतीची खरी ताकद न सुटणाऱ्या कोड्यात दिसते. संचात गवताचा भारा (ग) ही पाचवी सोंगटीही दिली आहे. शेळी गवतही खाते, बाकी नियम तेच. आता स्थिती ३२ होतात. सगळ्या मांडत बसू नये, तर सुरुवातीपासून पोहोचता येईल तेवढ्याच लिहीत जावे. प्रथम शेळीच न्यावी लागते, म्हणून ‘नलशकग’नंतर ‘लकग’ आणि ‘नलकग’ येतात. मग लांडगा नेला तर ‘कग’ आणि शेळी परत आणल्यावर ‘नशकग’. येथून कोबी नेला तर शेळी गवतापाशी राहते, गवत नेले तर कोबीपाशी आणि नावाडी एकटा गेला तर दोन्हींपाशी. उरते ते शेळीलाच पुन्हा नेणे, म्हणजे मागे जाणे. लांडग्याऐवजी कोबी किंवा गवत आधी नेले तरी हेच घडते. अशा रीतीने ९ स्थिती लिहून झाल्यावर नवी एकही मिळत नाही आणि त्या नवांत ‘०’ नाही. म्हणून या कोड्याला उत्तर नाही, हे येथे सिद्धच होते.

याच पाच सोंगट्यांसाठी होडीत नावाड्याखेरीज दोघांना जागा आहे असे धरले, तर शेळीला प्रत्येक वेळी सोबत ठेवून पाच फेऱ्यांत सगळे पार होतात. त्या कोड्याची आकृती आपण स्वतः काढून पाहावी.