बीपीच्या गोळीने पाय सुजतात, बीपीच्या गोळीने ढास लागते : या दोन तक्रारी वेगळ्या कशा?

सांगलीच्या हळद बाजारात दिवाणजी असलेले एक काका आणि त्यांच्या घरच्या काकू, दोघेही महिन्याची औषधं माझ्याकडून नेतात. काकूंना ॲम्लोडिपिन, काकांना रॅमिप्रिल. मागच्या हंगामात दोघं एकाच संध्याकाळी आले. काकू म्हणाल्या, "दादा, पैंजण रुतायला लागलंय." काका तर बोलता बोलताच खोकत होते. "बीपीच्या गोळ्या बाधल्या, बंद करतो," हा निकाल त्यांनी घरीच लावून ठेवला होता.

काकूंना दोन वर्षं ५ मिलिग्रॅमची गोळी चालू होती, काही त्रास नव्हता. दोन महिन्यांपूर्वी ती १० ची झाली आणि महिन्याभरात घोटे भरले. सूज दोन्ही पायांवर सारखी, सकाळी कमी, दिवेलागणीला जास्त. ही गोळी हृदयाकडून रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या सैल करते, पण परत नेणाऱ्या शिरा तितक्या सैल होत नाहीत. पाटाचं पाणी वावरात जोरात सोडलं आणि बाहेर जायची चारी अरुंदच राहिली, की पाणी तुंबून मुरतं. इथेही केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूला झिरपतं. म्हणजे शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते फक्त जागा सोडून गेलेलं असतं. म्हणून लघवीच्या गोळीचा या सुजेवर फारसा उपयोग होत नाही. काकूंनी एका दुकानातून चिठ्ठीशिवाय तीच गोळी आणून चार दिवस घेतली होती. सूज तशीच राहिली, वर पोटऱ्यांत गोळे यायला लागले. एका गोळीचा त्रास दाबायला दुसरी गोळी, ही साखळी काउंटरवरच तोडायला हवी असं माझं ठाम मत आहे.

काकांची खात्री होती की खोकला हळदीच्या धुळीचा आहे. मी विचारलं, बाजार बंद असतो त्या दिवशी? तेव्हाही तसाच. रात्री झोपल्यावर? जास्तच. बेडका? नाही, नुसती घशात खवखव आणि ढास. सुरुवात गोळी चालू झाल्यावर तीन आठवड्यांनी. शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा एक पदार्थ तयार होतो आणि मोडतो. तो मोडणारं एन्झाइमच रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या अडवतात. मग तो साठतो आणि श्वासनलिकेतल्या नसा चाळवतो. त्यावर खोकल्याचं औषध चालत नाही. काकांनी तीन बाटल्या संपवल्या होत्या, त्यातल्या एकीत फेनिलएफ्रिन होतं. त्याने बीपी उलट वाढू शकतं.

दोन्हींतला मोठा फरक डोसचा. ॲम्लोडिपिनची सूज डोसबरोबर वाढते, डोस उतरला की बहुधा उतरते. खोकल्याला डोसचं तसं देणंघेणं नाही. काका आपल्या मनाने अर्धी गोळी घेत होते. खोकला हलला नाही, बीपी मात्र १५८ वर गेलं. तिथे औषधाचा गटच बदलावा लागतो.

पण गोळीवर ठपका ठेवण्याआधी मी बाकीचं विचारतो. एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखते का? आडवं झाल्यावर दम लागतो का? लघवी कमी झालीय, सकाळी तोंड सुजतं? खोकल्याला ताप, वजन घटणं, रक्त? यातलं काही असेल तर लगेच डॉक्टर. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर गोळीचा संशय असला तरी क्षयाची तपासणी सुचवतोच. काकांची ती तपासणी स्वच्छ आली.

गोळी मी बदलत नाही, तो अधिकार माझा नाही. दोघांचं बीपी मोजलं आणि गोळी कधी सुरू झाली, डोस कधी बदलला, त्रास कधीपासून, आणखी काय घेतलं, हे एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे पाठवलं. काकूंची ॲम्लोडिपिन पुन्हा ५ वर आली आणि जोडीला टेल्मिसार्टन ४० मिळाली. ती परतीची वाटही थोडी मोकळी करते, म्हणून सूज कमी व्हायला मदत होते. काकांना रॅमिप्रिलच्या जागी तीच टेल्मिसार्टन, कारण ती ब्रॅडिकायनिनच्या वाटेला जात नाही. दोघांना क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगितलं. काकूंचे पाय दोन आठवड्यांत उतरले. काकांची ढास तिसऱ्या आठवड्यात थांबली. काहींना याहून जास्त, क्वचित तीन महिनेही लागतात, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर माणूस आठवड्यातच नव्या गोळीलाही नावं ठेवतो.

एक गोष्ट काकूंनी विचारली म्हणून आठवली. "यांच्या गोळीनं सूज येत नाही ना?" येते, क्वचित, पण पायांवर नाही. नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळीवर ओठ, जीभ किंवा घसा सुजला, तर पुढची गोळी न घेता त्याच क्षणी दवाखाना गाठायचा, गोळीचं पाकीट सोबत न्यायचं, आणि त्या गटातली कुठलीच गोळी पुन्हा घ्यायची नाही.