शेवटच्या ग्राहकाकडे इंजिनिअर उशिराच का पोहोचतो?

दुरुस्तीसाठी ‘चार ते पाच या वेळेत इंजिनिअर येईल’ असा मेसेज आला की मी मनातल्या मनात सहा धरून चालतो. अशा वेळी आपण रहदारीला नाहीतर इंजिनिअरच्या आळसाला दोष देतो. पण रहदारी अंदाजाबरहुकूम असली आणि माणूस कामाला चोख असला, तरीही दिवसातले शेवटचे कॉल लांबतातच. खरी मेख ‘सरासरी’ या शब्दात आहे.

समजा, एका इंजिनिअरला दिवसात पाच कॉल दिले आहेत. दर पाचातल्या चार दुरुस्त्या ४५ मिनिटांत उरकतात. पाचवी मात्र चिवट निघते आणि १२० मिनिटं खाते. सरासरी बरोब्बर ६० मिनिटं. दोन घरांमधला प्रवास २० मिनिटांचा. म्हणून वेळापत्रक लावणारा दर ८० मिनिटांनी एक कॉल टाकतो: ९:००, १०:२०, ११:४०, १:०० आणि २:२०. प्रत्येक ग्राहकाला त्या वेळेपासून पुढचा एक तास सांगितलेला. अंदाजात कुठेही चूक नाही.

आता काय होतं बघा. सोपी दुरुस्ती लवकर संपली, तर इंजिनिअर पुढच्या घरी १५ मिनिटं आधी पोहोचतो. पण ग्राहकाला दिलेली वेळ सुरू झालेली नसते, दाराला कुलूप असतं. तो थांबतो, आणि वाचवलेली १५ मिनिटं तिथेच जिरतात. उलट चिवट दुरुस्तीने झालेला तासाभराचा उशीर कुठेही जिरत नाही, तो पुढच्या घरी जसाच्या तसा पोहोचतो. तो भरून काढायला ओळीने चार सोप्या दुरुस्त्या मिळाव्या लागतात. थोडक्यात, उशीर साठतो आणि लवकरपणा साठत नाही.

संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली यांनी १९५२ साली रांगांच्या अभ्यासात हेच एका ओळीत मांडलं. आपल्या भाषेत: पुढचा उशीर = आधीचा उशीर + या टप्प्यावर नियोजनापेक्षा जास्त लागलेला वेळ; आणि उत्तर शून्याखाली गेलं तर शून्य. सगळी गंमत या शेवटच्या अटीत आहे. ती नसती तर सरासरी उशीर शून्यच राहिला असता. तिच्यामुळे वरच्या उदाहरणात दुसऱ्या ग्राहकाकडे सरासरी १२ मिनिटं उशीर होतो, तिसऱ्याकडे सुमारे २२, चौथ्याकडे २९ आणि पाचव्याकडे ३५. सांगितलेला तासही उलटून जाण्याची शक्यता तिसऱ्याकडे ४ टक्के, चौथ्याकडे १० आणि पाचव्याकडे १८ टक्के.

मग मोकळा वेळ ठेवावा, हे ओघानेच आलं. पण कुठे? समजा, दिवसभरात एक तास राखीव ठेवायचा आहे. तो चारही टप्प्यांवर १५-१५ मिनिटं वाटून टाकावा, असं बहुतेकांना सुचेल, मलाही सुचलं होतं. आकडेमोड केल्यावर पाचव्या ग्राहकाची वेळ हुकण्याची शक्यता १८ वरून साधारण ५ टक्क्यांवर आली. मग तोच अख्खा तास तिसऱ्या कॉलनंतर एकगठ्ठा ठेवून पाहिला, तर ती ३ टक्क्यांच्याही खाली गेली! चौथ्या ग्राहकाची तर १ टक्क्याहून कमी, वाटून टाकल्यावर तीच ४ होती. कारण पुन्हा तेच. वाटलेली १५ मिनिटं सोप्या दुरुस्तीनंतर दारात वाट बघण्यात जिरतात. एकगठ्ठा तास सकाळचा साठलेला उशीर गिळायला तयार असतो. अर्थात प्रत्येक कामाला हेच लागू पडेल असं नाही. सगळ्याच दुरुस्त्या थोड्याथोड्या मागेपुढे होत असतील, तर दोन्हींतला फरक कमी होतो.

दुसरा उपाय फुकटातला आहे. ‘मशीन मधूनच बंद पडतं’ अशी मोघम तक्रार असलेला कॉल, ग्राहकाला चालत असेल तर, दिवसाच्या शेवटी टाकायचा. तो लांबला तर फक्त इंजिनिअरला घरी जायला उशीर होतो. सकाळीच लांबला असता तर मागचे चौघे ताटकळले असते. ठरावीक वेळेची देखभालीची कामं आधी. इंजिनिअरच्या बाजूने हे अन्यायाचं आहे, हेही खरं. म्हणून अशी कामं आळीपाळीने वाटावी लागतात.

‘सर्वांत जवळचा रस्ता शोधून दिवसाला एक जादा कॉल’ अशी जाहिरात करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे मी म्हणूनच संशयाने बघतो. रस्ता खरंच कमी होतो, पण वाचलेल्या मिनिटांत नवा कॉल कोंबला की उशीर गिळणारी जागाच संपते.

शिवाय अंदाज येतात कुठून? इंजिनिअरने मोबाइलवर ‘काम पूर्ण’ दाबलं त्या नोंदींवरून. अनेक जण ते बटण पुढच्या घराच्या दाराशी पोहोचल्यावर दाबतात. मग दुरुस्ती २० मिनिटांनी लांब दिसते आणि प्रवास शून्य मिनिटांचा. नोंदींमध्ये असे शून्य मिनिटांचे प्रवास वारंवार दिसले, तर वेळापत्रकाला हात लावण्याआधी ते बटण कधी दाबलं जातं याची चौकशी करावी.