ग्रुप टूरचा ३० सेकंदांचा व्हिडिओ आणि त्यामागचा जुना इतिहास

ट्रॅव्हल कंपनीचा छोटा व्हिडिओ बघितला की तेच तेच दिसतं, खिडकीतून सरकणारा डोंगर, मग एका टेबलाभोवती हसणारी दहा माणसं, आणि शेवटी सूर्यास्त. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हे आपोआप सुचतं खरं, पण हे सीन वेगवेगळ्या काळातून आलेत आणि त्यांचं आपसात फारसं जमतही नाही.

खिडकीवाला शॉट सगळ्यात जुना. १८९६ मध्ये ल्युमिएर कंपनीच्या प्रोमिओ नावाच्या कॅमेरामनने व्हेनिसमध्ये गोंडोल्यात कॅमेरा ठेवून कालव्याकाठच्या इमारती सरकताना शूट केल्या, आणि त्यानंतर लगेचच रेल्वे इंजिनाच्या पुढे कॅमेरा बांधून काढलेल्या फिल्म्सची लाट आली. १९०५ च्या सुमाराला अमेरिकेत हेल्स टूर्स नावाचा प्रकार निघाला, त्यात थिएटरच रेल्वेच्या डब्यासारखं बनवायचे, डबा हलायचा, रुळांचा खडखडाट ऐकू यायचा आणि समोर पडद्यावर रस्ता धावायचा. लोक तिकीट काढून कुठेही न जाता प्रवास करून यायचे. या सगळ्यात कॅमेरा म्हणजेच प्रवासी, त्यामुळे फ्रेममध्ये सोबत कोणीच नसायचं. एकट्याचा प्रवास विकायला हे उत्तम, पण ग्रुप टूरची अडचण इथेच सुरू होते, कारण तिथे विकायचा माल म्हणजे सोबतची माणसं.

ती माणसं आधी कागदावर विकली गेली. इंग्लंडमध्ये सहली काढणाऱ्या थॉमस कुकने ५ जुलै १८४१ ला लेस्टरहून लफबरोला साधारण ५०० लोकांना एका शिलिंगमध्ये रेल्वेने नेलं, दारूबंदीच्या सभेसाठी, आणि त्या दिवसात बँड होता, चहा होता, भाषणं होती. म्हणजे ठिकाण तसं साधंच, मजा होती ती एकत्र जाण्याची. पुढे माहितीपत्रकांनी हेच उचललं : स्वागताची पार्टी, गाण्यांची संध्याकाळ, चहा-केक. आजच्या स्क्रिप्टमधले सीन म्हणजे त्या यादीचंच हलतं रूप.

आणि याच यादीवरून इंग्लंडमध्ये एक खटला झाला, जो माझ्या मते प्रत्येक स्क्रिप्ट रायटरने वाचायला हवा : जार्व्हिस विरुद्ध स्वान्स टूर्स, १९७३. एका वकिलाने ख्रिसमसच्या सुट्टीत स्वित्झर्लंडमधली पंधरा दिवसांची 'हाउस पार्टी' ट्रिप घेतली. पहिल्या आठवड्यात तेरा जण होते, आणि दुसऱ्या आठवड्यात हा एकटाच! हॉटेलमालकाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणजे बोलायलाही कोणी नाही. बार फक्त एकाच संध्याकाळी उघडला, माहितीपत्रकात कबूल केलेल्या केकच्या जागी वेफर्स आणि कोरडे छोटे केक, आणि योडलिंगची, म्हणजे आल्प्समधल्या खास गाण्याची, संध्याकाळ म्हणजे गावातला एक माणूस कामाच्या कपड्यातच आला, चार-पाच गाणी पटापट म्हणाला आणि गेला. ट्रिपचा खर्च ६३.४५ पौंड, खालच्या कोर्टाने त्याच्या निम्मे दिले, पण लॉर्ड डेनिंग यांच्या अपील कोर्टाने १२५ पौंड दिले, कारण सुट्टीत मजा हीच विकलेली गोष्ट असेल तर ती न मिळाल्याच्या निराशेचीही भरपाई द्यायला हवी. पुढे १९९० मध्ये युरोपियन समुदायाने पॅकेज टूरसाठी नियमच केला की माहितीपत्रकातला तपशील दिशाभूल करणारा नको, आणि तो आयोजकावर साधारणपणे बंधनकारक राहील.

आता याच ट्रिपचा व्हिडिओ लिहायचाय असं समजा. "रात्री सगळे बारमध्ये जमतात" ही ओळ लिहायला दोन सेकंद लागतात, पण त्याआधी ऑपरेशन्सवाल्यांना विचारायला हवं की बार रोज उघडा असतो का, आणि कमीत कमी किती बुकिंग झाल्यावर ट्रिप निघते. सहा जणांवर निघत असेल तर वीस जणांच्या टेबलाचा शॉट लिहूच नये, सहा जणांचाच लिहावा आणि तो जवळून घ्यावा, कोण कुणाला ताट सरकवतंय, कोण झोपलेल्याचा फोटो काढतंय. खरं तर असा शॉट जास्त चालतो, कारण मोठ्या गर्दीत बघणाऱ्याला स्वतःची जागा सापडत नाही. पंधरा दिवसांत एकदाच होणारी गोष्ट "एका संध्याकाळी" म्हणून लिहायची, "संध्याकाळी" म्हणून नाही.

लांबीचं बंधन तसं अलीकडचं. इन्स्टाग्रामवर २०१३ मध्ये व्हिडिओ आले तेव्हा मर्यादा १५ सेकंदांची होती, आणि पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून निवेदन कमी झालं आणि स्क्रीनवरच्या ओळी आल्या. ३० सेकंदांत आरामात बोलले जाणारे शब्द साधारण साठ-सत्तर, म्हणजे तीन सीन, फार तर चार. सूर्यास्त मात्र टिकून राहिला. १९३० च्या दशकात थिएटरमध्ये मुख्य सिनेमाआधी दाखवल्या जाणाऱ्या प्रवासपटांनी, खासकरून जेम्स फिट्झपॅट्रिकच्या मालिकेने, मावळत्या सूर्याबरोबर निरोप घ्यायची पद्धत इतकी घासली की पुढे तिची टिंगल व्हायला लागली, तरी एडिटर अजून तोच शॉट शेवटी टाकतात. मला तर वाटतं तिथे निघायची तारीख आणि ग्रुपमध्ये जास्तीत जास्त किती जण असतील हा आकडा टाकावा, बघणाऱ्याचा पुढचा प्रश्न नेमका तोच असतो.